एका खाचराचे अठ्ठेचाळीस भाग

घोरावाडी स्टेशनावर लोकल जेमतेम अर्धा मिनिट थांबते. दिवाळीनंतरच्या रविवारी तेवढ्या वेळात उतरणाऱ्यांपैकी काही जण रिकाम्या पिशव्या घेऊन थेट माझ्या आत्याच्या घरी येतात. आत्या स्वतःच्या खाचरांत पिकलेला इंद्रायणी तांदूळ विकते. ही जात इथून दोनच स्टेशनं पुढे, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार झाली आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आली. गिऱ्हाईक वाढावं म्हणून आतेभावाने मोबाइलवर व्हिडिओ काढून टाकायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात अकरा व्हिडिओ झाले, दुसऱ्या महिन्यात तीन. मग आवणी आली आणि सगळं बंद पडलं ते कापणीपर्यंत.

आळस हे काही कारण नव्हतं. प्रत्येक व्हिडिओ शून्यापासून सुरू होत होता: आज काय सांगायचं, कुठे उभं राहायचं, सुरुवात कशी करायची, गाणं कोणतं लावायचं. मी बरीच वर्षं मासिकात सदरं सांभाळली आहेत. जो लेखक दर महिन्याला नव्याने विषय आणि घाट दोन्ही शोधतो, तो तिसऱ्या महिन्यात तारीख चुकवतो, हे मला ठाऊक होतं. मग आम्ही बसून एक मालिका आखली: आठवड्याला एक भाग आणि महिन्यातून एकच दिवस चित्रीकरण. ती कशी आखली हे इथे क्रमाने सांगतो. आपल्याकडे भाताऐवजी चिक्की असेल, शिवणकाम असेल किंवा सायकल दुरुस्ती असेल. पायऱ्या याच राहतील.

पहिली पायरी म्हणजे फॉरमॅट ठरवणं. फॉरमॅट म्हणजे दर भागात न बदलणारी चौकट. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण येणार आणि उत्तररंगात आख्यान येणार, हे श्रोत्याला आधीच माहीत असतं. आज आख्यान कोणतं, एवढीच उत्सुकता उरते. मालिकेतही तसंच असतं. बघणाऱ्याला चौकट ओळखीची वाटली पाहिजे आणि आतला माल नवा. ‘आमच्या शेताबद्दल माहिती’ हा फॉरमॅट होत नाही, तो नुसता विषय झाला. फॉरमॅट एका वाक्यात सांगता यायला हवा, आणि त्या वाक्यात कोण, कुठे आणि काय करतं हे तिन्ही असावं.

आमचं वाक्य असं ठरलं: गिऱ्हाइकाने विचारलेला एक प्रश्न, आणि आत्या त्याचं उत्तर हाताने करून दाखवते. ‘हाताने’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. ज्या प्रश्नाचं उत्तर नुसतं तोंडाने देता येतं, तो आमच्या मालिकेत बसत नाही. ‘भाव का वाढला?’ हा प्रश्न त्यामुळे बाद झाला, तर ‘तांदळात कणी किती आहे हे कसं बघायचं?’ हा आत आला, कारण तिथे सूप लागतं, तांदूळ लागतो आणि बोटं लागतात.

वाक्य ठरलं की त्याची परीक्षा घ्या. एका बैठकीत त्याच चौकटीत बसणारी बारा शीर्षकं लिहून काढा. सातव्याला अडलात तर चौकट अरुंद आहे. बाराही सहज झाली, पण प्रत्येकासाठी वेगळी जागा, वेगळी माणसं आणि वेगळं सामान लागतंय असं दिसलं, तर चौकट फार सैल आहे. ती एका दिवसात कधीच मावणार नाही. आमची पहिली यादी अशीच सैल निघाली होती. तिच्यात गिरणी होती, वडगावचं केंद्र होतं, कामशेतचा बाजार होता. प्रवासातच दिवस गेला असता. मग आम्ही जागा दोनच ठेवल्या: खाचर आणि घर.

प्रश्न आणायचे कुठून? ते बनवू नका. आत्याच्या मोबाइलवर दोन हंगामांतले गिऱ्हाइकांचे निरोप होते. ते सगळे चाळून वहीत उतरवले. एकच प्रश्न पाच जणांनी विचारला असेल तर त्यापुढे पाच रेघा मारल्या. सगळ्यांत जास्त रेघा पडल्या त्या ‘भात गिचका होतो, पाणी किती घालू?’ या प्रश्नापुढे. मालिकेचे पहिले सहा भाग आम्हाला त्या वहीतच मिळाले, आणि मुख्य म्हणजे प्रश्नांची भाषा मिळाली. गिऱ्हाईक ‘आर्द्रता’ म्हणत नाही, ‘तांदूळ ओलसर लागतो’ असं म्हणतं. आपणही तसंच म्हणायचं.

एक गट मात्र आम्ही सरळ बाजूला ठेवला: ‘साखर असलेल्यांनी हा तांदूळ खाल्ला तर चालेल का?’ असे प्रश्न. त्याचं उत्तर डॉक्टरांनी द्यायचं असतं. तांदूळ विकणाऱ्याने त्यावर बोलू नये, मग कितीही लोक विचारोत.

दुसरी पायरी म्हणजे भागाचा साचा, म्हणजेच टेम्प्लेट. फॉरमॅट मालिकेचा असतो. साचा प्रत्येक भागाच्या सेकंदांचा असतो. आमचा भाग साठ सेकंदांचा आहे. पहिले चार सेकंद प्रश्न; तोही आत्याच्या हातात वस्तू असताना. पुढचे दोन सेकंद मालिकेची खूण. मग चाळीस सेकंद उत्तर. नंतर दहा सेकंद ‘पारख’, म्हणजे बघणाऱ्याला घरच्या घरी करून बघता येईल अशी एक कसोटी. शेवटचे चार सेकंद पुढच्या आठवड्याच्या प्रश्नाला.

सुरुवातीला काय नसावं, हे इथेच सांगतो. ‘नमस्कार मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत’ हे सहा शब्द उच्चारायला तीन-चार सेकंद लागतात, आणि तेवढ्यात बघणाऱ्याचं बोट पुढच्या व्हिडिओवर सरकलेलं असतं. आत्याला हे पटेना. “आल्यागेल्याला नमस्कार नको का करायला?” हा तिचा प्रश्न रास्तच होता. तोड अशी काढली की नमस्कार शेवटी, निरोपाचा.

खूण म्हणजे दर भागात येणारं एकच चित्र आणि एकच आवाज. आमच्याकडे मापट्यातून सुपात पडणाऱ्या तांदळाचा आवाज आहे. पहिल्यांदा ही खूण नऊ सेकंदांची झाली होती, वरून नाव फिरत यायचं, खाली फुलं उमलायची. पहिल्यांदा बघताना छान वाटलं, चौथ्यांदा वैताग आला. बावन्न आठवडे तेच बघणाऱ्या माणसाचा विचार करून खूण दोन सेकंदांवर आणली. आवाजाचा आणखी एक फायदा झाला. प्रसिद्ध गाण्यांचे हक्क इतरांकडे असतात आणि व्यवसायाच्या खात्यावर ती सहसा वापरता येत नाहीत. तांदळाच्या आवाजावर कुणाचा हक्क नाही.

चाळीस सेकंदांचं उत्तर लिहून पाठ करायचं नाही. मराठी माणूस सावकाश, समजावून बोलला तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. चाळीस सेकंदांत त्यामुळे सत्तर-ऐंशी शब्दच बसतात, आणि तेही हात चालत नसतील तर. म्हणून आत्यासाठी फक्त तीन मुद्दे मोठ्या अक्षरांत कागदावर असतात, वाक्यं तिची तिने बोलायची. पहिल्या महिन्यात आम्ही पूर्ण मजकूर लिहून दिला होता. तिचे डोळे कागदाच्या ओळींवरून डावीकडून उजवीकडे फिरताना दिसत होते, आणि ‘तांदूळ धुवून घ्यावा’ असं ती जन्मात कधी बोलली नसेल असं बोलत होती.

दृश्यंही साच्यात ठरलेली असतात. प्रत्येक उत्तराला तीनच लागतात: लांबून जागा दिसेल असं एक, फक्त हात दिसतील असं जवळून एक, आणि बोलतानाचा चेहरा. ही तीन हाताशी असली की एखाद्या वाक्यात चूक झाली तरी ती कापून मध्ये हातांचं दृश्य टाकता येतं आणि जोड दिसत नाही. नवशिक्यांचं नेमकं इथेच चुकतं. ते चेहऱ्यासमोर मोबाइल धरून सलग बोलतात, आणि एका अडखळण्यासाठी संपूर्ण भाग पुन्हा घ्यावा लागतो.

मोबाइल उभा धरायचा. पडद्यावरची अक्षरं चौकटीच्या मधल्या भागात ठेवायची, कारण खालच्या पाचव्या हिश्शावर मजकूर येतो आणि उजव्या कडेला बटणं असतात. आत्याचे हात अगदी खाली घेतले तर बघणाऱ्याला तांदळाऐवजी आमच्याच खात्याचं नाव दिसतं, हे आम्हाला दुसऱ्या भागानंतर कळलं.

आता तिसरी पायरी, आणि माझ्या मते सगळी आखणी इथेच तरते किंवा बुडते: महिन्याचे चार भाग निवडणं. एका दिवसात चार भाग घेतले की ते चार आठवड्यांत एकेक करून बाहेर पडतात. पण शेत थांबत नाही. जुलैत आवणी चालू असताना घेतलेला भाग ऑगस्टमध्ये टाकला, तर तोवर खाचरात पाण्याऐवजी हिरवं रान दिसत असतं. मावळातून लोकलने रोज जाणारा माणूस खिडकीतून बघून लगेच ओळखतो की हा व्हिडिओ शिळा आहे.

म्हणून आम्ही प्रश्नांच्या वहीत प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहिलं. ‘ह’ म्हणजे हंगामी, त्याच दिवसांत दाखवायला हवा असा. ‘मो’ म्हणजे मोकळा, वर्षात कधीही चालेल असा. नियम साधा आहे: दर महिन्याला दोन हंगामी आणि दोन मोकळे. हंगामी दोन पहिल्या पंधरवड्यात टाकायचे, मोकळे दोन नंतर. हंगामी खाचरात घ्यायचे, मोकळे घरात. दिवसाची विभागणीही त्यातच होऊन जाते.

आकड्यांची एक गंमत इथे लक्षात ठेवा. बारा महिने गुणिले चार म्हणजे अठ्ठेचाळीस भाग, पण वर्षात आठवडे बावन्न. चार महिने असे येतात की त्यांत आपला प्रसारणाचा वार पाच वेळा पडतो. शिवाय कुणी आजारी पडतं, घरात कार्य निघतं. म्हणून पहिल्याच महिन्यात चाराऐवजी सहा भाग घेतले आणि वरचे दोन मोकळे भाग राखीव ठेवले. एक राखीव खर्च झाला की पुढच्या महिन्यात एकच जादा घेऊन भरपाई करायची. राखीव दोन्ही संपले असतील, तर आपण आखणीवर नाही, नशिबावर चालतोय असं समजा.

आता जुलैचा एक दिवस सविस्तर सांगतो. आमचा वार महिन्यातला दुसरा रविवार, आणि तो हुकला तर तिसरा. दोन्ही तारखा कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवलेल्या. त्या महिन्याचे चार भाग असे होते. नववा: रोपं किती दिवसांची झाली की लावायची? दहावा: चिखलणी कशासाठी करतात? अकरावा: पाणी किती घालू? बारावा: पावसाळ्यात तांदळाला सोंडे लागू नयेत म्हणून काय करायचं? पहिले दोन हंगामी, पुढचे दोन मोकळे.

शनिवारी संध्याकाळी तयारी. मोबाइलमधली जागा आधी बघा. साध्या एचडी दर्जाला मिनिटाला साधारण शंभर एमबी लागतात, मोबाइलप्रमाणे कमीजास्त. चार भागांचं कच्चं चित्रीकरण तासाभराचं धरलं तर सहा जीबी मोकळे हवेत, आणि हातात दहा असलेले बरे. फोरके घेतलं तर याच्या कितीतरी पट जागा जाते आणि मोबाइलच्या पडद्यावर बघणाऱ्याला फरक फारसा कळत नाही. मोबाइल आणि कॉलर माइक चार्ज करून ठेवायचे. सुती रुमाल दोन. छत्री मोठी, लाकडी दांड्याची. आत्याची चार लुगडी घडी करून क्रमाने ठेवलेली.

लुगड्यांचं कारण सांगतो. चार आठवडे एकाच कपड्यांत दिसलं की सगळं एकाच दिवशी उरकलंय हे उघड होतं. पण भागागणिक कपडे बदलायचे आणि चित्रीकरण मात्र जागेप्रमाणे करायचं, यात गोंधळ हमखास होतो. नवव्या भागाचं लांबचं दृश्य हिरव्या लुगड्यात आणि हातांचं निळ्या बाहीत, असं आमचं एकदा झालेलं आहे. म्हणून कागदावर भागापुढे रंग लिहा. चिखलात कपडे बदलणं शक्य नसतं, तेव्हा खाचरातल्या दोन भागांसाठी लुगडं एकच ठेवून वरची ओढणी किंवा इरलं तेवढं बदला.

सकाळी पावणेसातला जमायचं. सव्वासात ते पावणेनऊ खाचरात. भाग एकामागून एक असे घेत नाहीत. आधी दोन्ही भागांची लांबची दृश्यं, मग दोन्हींची हातांची, शेवटी दोन्हींचे चेहरे. मोबाइल एका जागी लावला की त्या जागेची सगळी कामं उरकून मगच तो हलवायचा. मोबाइल हलवणं, पुन्हा समतल करणं, माणसाला उभं करणं, यात दर वेळी सात-आठ मिनिटं जातात. भागाप्रमाणे गेलो असतो तर हे सहा वेळा झालं असतं; जागेप्रमाणे ते तीनदाच झालं.

प्रत्येक वेळी सुरू करण्यापूर्वी पाटीवर ‘भाग ९, हात, दुसरी वेळ’ असं लिहून कॅमेऱ्यासमोर धरायचं. पोरखेळ वाटतो. पण रात्री मोबाइलमध्ये चिखलातल्या हातांचे सव्वीस तुकडे दिसतात आणि कुठला कुणाचा ते कळत नाही, तेव्हा पाटीची किंमत समजते.

पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड जागीच बांधला जातो. मोबाइलप्रमाणे तिथे ‘लॉक’ असं दिसतं. खाचरात हे केलंच पाहिजे. साचलेल्या पाण्यात ढगांचं प्रतिबिंब असतं. आत्या वाकली की मोबाइल पाण्याकडे बघून उजेड कमी करतो आणि तिचा चेहरा काळवंडतो. ती उठली की पुन्हा उजळतो. असं धडधडणारं चित्र नंतर सुधारता येत नाही.

आवणीला आलेल्या बायकांना आदल्या दिवशीच विचारलं होतं. दोघींनी नको म्हटलं. त्यांच्या पाती चौकटीबाहेर राहतील अशा बाजूला मोबाइल लावला. थांबून पुन्हा करा असं आपण त्यांना सांगतो तेव्हा त्यांचा वेळ जातो, त्याची मजुरी चित्रीकरणाच्या खर्चात धरा.

पावसाचं काय? मावळात जुलैत पाऊस न येणारा रविवार धरून चालूच नका. पावसात चित्र छान येतं, आवाज वाया जातो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. छत्रीवर पडणाऱ्या थेंबांच्या ताशात बोललेलं काहीच ऐकू येत नाही. म्हणून पावसात फक्त लांबची आणि हातांची दृश्यं घ्या, बोलणं घरी आल्यावर नोंदवा. भिंगावर थेंब पडला की ते दृश्य तिथेच थांबवून सुती रुमालाने पुसा. ओढणीच्या टोकाने पुसलं की चिकट पट्टा उरतो आणि सगळं धुक्यातलं दिसतं.

घरी आल्यावर हातपाय धुऊन चहा. साडेनऊपासून घरातले दोन भाग. इथे आमची सगळ्यात मोठी फजिती झाली होती. ओसरी प्रशस्त, उजेड उत्तम, म्हणून तिथे बसलो, आणि वर पत्रा. सर आली की एक शब्द ऐकू येईना. शेवटी जागा सापडली ती भाताची पोती रचलेल्या आतल्या खोलीत. पोती आवाज शोषून घेतात, घुमत नाही. रेकॉर्डिंगच्या खोलीला भिंतींवर जाड थर लावतात त्याचं कारण हेच. खिडकीकडे तोंड करून आत्याला बसवलं आणि ट्यूबलाइट बंद केली, कारण काही दिव्यांखाली मोबाइलच्या चित्रात पट्टे हलताना दिसतात.

घोरावाडीची एक खास अडचण म्हणजे रेल्वे. मुंबई–पुणे मुख्य मार्ग जवळ, त्यामुळे लोकल सोडाच, मेल आणि मालगाड्याही भोंगा देत जातात. गाडीचा आवाज वाईट नसतो. तो अर्ध्या वाक्यात असणं वाईट. पहिल्या अर्ध्या वाक्यात गाडी आहे आणि जोडलेल्या उरलेल्या अर्ध्यात नाही, की कानाला तो सांधा लगेच टोचतो. म्हणून गाडी आली की थांबायचं, आणि थांबलो तिथून पुढे न जाता वाक्याच्या सुरुवातीपासून पुन्हा. प्रत्येक जागेवर शेवटी तीस सेकंद कुणीच न बोलता नुसती शांतता नोंदवून ठेवा. खोलीची ती शांतता सांध्यांखाली अंथरली की ते झाकले जातात.

स्टेशनचं नाव लिहिलेली पिवळी पाटी खूण म्हणून घ्यावी, असा मोह आम्हालाही झाला. फलाटावर स्टँड लावून विक्रीसाठीचं चित्रीकरण करायला रेल्वेची परवानगी लागते. शिवाय फलाटाच्या कडेला मोबाइलमध्ये डोळे घालून उभं राहणं हा वेडेपणा आहे. मापट्यावरच भागलं.

पाण्याच्या भागात मोजमाप दाखवायचं होतं. जुना तांदूळ असेल तर दुप्पट ते अडीचपट पाणी, नवा असेल तर त्याहून कमी. आत्या नेहमी पेर बुडवून अंदाज घेते, तोही दाखवला. भात शिजायला वेळ लागतो आणि चित्रीकरणात कुणी वाट बघत नाही, म्हणून एक पातेलं नऊ वाजता आधीच लावलं होतं. कच्चा तांदूळ, अर्धवट शिजलेला आणि शिजलेला अशी तिन्ही पातेली एका ओळीत मांडली. करायला वेळ लागतो अशा प्रत्येक गोष्टीची ही तजवीज आधी करा. सोंड्यांच्या भागासाठी कीड लागलेला मूठभर तांदूळ शेजारून आणला. तो आपल्या पोत्यांच्या खोलीत न्यायचा नाही, बाहेरच घ्यायचा, हे आत्याने बजावलं. मला ते सुचलंच नसतं.

साडेबारापर्यंत चार भाग झाले की थांबायचं. ‘आता बसलोच आहोत तर पाचवा घेऊ’ असं कुणीतरी म्हणतंच. राखीव भरायचा नसेल तर घेऊ नका. दमलेल्या माणसाचा चेहरा पाचव्या भागात दिसतो, आणि पुढच्या महिन्यात तो माणूस या दिवसाला टाळतो.

संध्याकाळी सगळं चित्रीकरण दोन ठिकाणी उतरवून घ्या, तेव्हाच मोबाइल रिकामा करा. तुकड्यांना नावं पाटीप्रमाणे द्या. आमची पद्धत अशी: भाग, दृश्य, वेळ.

```
B09_haat_2.mp4
B11_chehra_1.mp4
```

जोडणीच्या ॲपमध्ये एक रिकामा नमुना कायम ठेवलेला आहे. त्यात खूण, अक्षरांचा आकार, रंग, शेवटचा नमस्कार हे सगळं जागच्या जागी असतं. नवा भाग करताना त्याची प्रत काढायची आणि फक्त दृश्यं बदलायची. पहिला भाग जोडायला आम्हाला पाच तास लागले. नमुना हाताशी आल्यावर एका भागाला तास-सव्वा तास पुरतो. अक्षरांचा फॉन्ट निवडताना ‘गिऱ्हाईक’, ‘त्र’ आणि ‘क्ष’ लिहून बघा. काही ॲपमध्ये जोडाक्षरं फुटून दिसतात.

खाली बोललेल्या शब्दांच्या ओळी द्या, कारण बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात. ॲप त्या आपोआप तयार करून देतं, पण मावळी बोली त्याला झेपत नाही. आमच्या ‘आवणी’ची दर वेळी ‘अवनी’ होते. एकदा ‘राब भाजला’ याचं ‘राग भागला’ झालं आणि ते तसंच गेलं.

शेवटची पायरी महिन्यातून एकदाच करायची: आकडे बघणं. किती जणांनी पाहिलं याहून, किती सेकंद पाहिलं हे उपयोगी. प्रत्येक व्हिडिओमागे एक आलेख मिळतो. लोक कुठे सोडून गेले ते त्यात दिसतं. पहिल्या तीन सेकंदांतच रेघ कोसळली तर प्रश्न नीट मांडलेला नाही. मध्येच उतरली तर तिथलं दृश्य लांबलंय. शेवटच्या चार सेकंदांत उतरते ती उतरू द्या; निरोप ऐकायला फार कुणी थांबत नाही. एका भागावरून निष्कर्ष काढू नका, चारही आलेख शेजारी ठेवा. चारांत एकाच जागी रेघ पडत असेल तर साच्यात दोष आहे. मग साच्यातली एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळणार नाही.

आमच्या चारही आलेखांत रेघ ‘पारख’ सुरू होताना पडत होती. आत्या तिथे “आता घरी तुम्ही असं करा” म्हणायची आणि लोकांना भाग संपल्यासारखा वाटायचा. ते वाक्य काढून ती थेट मूठ उघडून तांदूळ दाखवायला लागली. पुढच्या महिन्यात पडझड पुष्कळ कमी झाली.

आता नोव्हेंबरचं ठरवायचं चाललंय. कापणी दुसऱ्या रविवारची वाट बघणार नाही, भात पिकलं की कापायचं. म्हणून त्या महिन्यात दिवसाचे दोन तुकडे केले आहेत, खाचरातले दोन भाग कापणीच्या सकाळी आणि घरातले दोन रविवारी. घरातल्यांपैकी एक प्रश्न पुन्हा तोच आहे, पाणी किती घालू. जुलैत उत्तर जुन्या तांदळाचं दिलं होतं. आता गिऱ्हाइकाच्या पिशवीत नवा तांदूळ जाणार. आत्याने वहीत अकराव्या भागापुढे स्वतःच लिहून ठेवलंय: परत घ्यायचा, पातेलं लहान.